लंडनच्या जुन्या चांदीवरचे शिक्के: वर्षाचे अक्षर सर्वांत शेवटी का वाचावे

चांदीचा जुना इंग्लिश चमचा उलटा केला, की दांड्याच्या पाठीवर तांदळाच्या दाण्याएवढे चार-पाच ठसे दिसतात. त्यांत एखादा सिंह असतो, एखादे प्राण्याचे तोंड असते, कधी माणसाचे डोके असते, एक सुटे इंग्रजी अक्षर असते आणि एका चौकटीत कोणाची तरी आद्याक्षरे असतात. नवख्या माणसाची नजर या सगळ्यांतून नेमकी त्या सुट्या अक्षरावर जाते, कारण तेवढीच एक ओळखीची गोष्ट असते. मग तो वर्षांचा तक्ता उघडतो, त्यात ते अक्षर शोधतो आणि समोर आलेले पहिले वर्ष खरे मानतो. मीही सुरुवातीला हेच केले होते आणि १९१० सालचा एक चमचा कित्येक महिने १८३० सालचा समजून जपला होता. तक्ता बरोबर होता आणि अक्षरही मी बरोबर वाचले होते. चूक एवढीच झाली होती, की जे सर्वांत शेवटी वाचायचे ते मी सर्वांत आधी वाचले होते.

प्रत्येक देशाची शिक्क्यांची पद्धत वेगळी आहे आणि ती सगळी एका लेखात कोंबण्यात अर्थ नाही. म्हणून येथे फक्त इंग्लिश चांदीचा, त्यातही मुख्यतः अठराव्या ते विसाव्या शतकातील लंडनच्या चांदीचा विचार केला आहे. ही पद्धत एकदा हातात बसली, की इतर शहरांचे शिक्के वाचताना फक्त तक्ता बदलावा लागतो; विचार करण्याची रीत तीच राहते.

वाचण्यापूर्वीची तयारी

दहापट मोठे दाखवणारे भिंग आणि एका बाजूने पडणारा प्रकाश एवढ्या दोन गोष्टी पुरेशा आहेत. प्रकाश वरून सरळ पाडला तर चकाकीत ठसा बुजून जातो. दिवा जवळजवळ चमच्याच्या पातळीवर ठेवून तिरपा प्रकाश पाडला, तर ठशाच्या कडांची सावली पडते आणि झिजलेले अक्षरही उठून दिसते. चमचा हळूहळू गोल फिरवत पाहावा, कारण एका कोनातून न दिसणारी रेघ दुसऱ्या कोनातून दिसते. मळ असेल तर कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ कापड वापरावे. ठशाच्या खोलगट भागात साठलेला काळेपणा मात्र काढू नये, कारण उठावाची चकाकी आणि खोलगटाचा काळेपणा यांच्या फरकामुळेच ठसा वाचता येतो. घासण्याच्या पावडरीने किंवा दात घासण्याच्या पेस्टने चांदी खरवडली जाते. शिक्के झिजलेल्या जुन्या वस्तूंपैकी बऱ्याचशा वापरापेक्षा अशा घासण्यानेच झिजलेल्या असतात.

ठसे ज्या क्रमाने दिसतात त्या क्रमाला काही अर्थ नसतो. प्रत्येक ठसा बहुधा वेगळ्या पंचाने, सोयीप्रमाणे मारलेला असल्यामुळे कधी सिंह आधी येतो, कधी अक्षर आधी येते आणि एखादा ठसा उलटाही असतो. म्हणून प्रथम कागदावर प्रत्येक ठशाचे लहान चित्र काढावे, त्याच्या भोवतीच्या चौकटीचा आकारही काढावा आणि जे स्पष्ट दिसत नाही तेथे अंदाज न लिहिता जागा मोकळी सोडावी.

पहिला प्रश्न: चालता सिंह आहे का?

एक पुढचा पंजा उचलून डावीकडे चाललेला सिंह ही इंग्लंडमधील स्टर्लिंग चांदीची खूण आहे. ती १५४४ पासून वापरात आली. स्टर्लिंग म्हणजे हजार भागांत ९२५ भाग चांदी. उरलेले ७५ भाग बहुधा तांबे असते, कारण शुद्ध चांदी रोजच्या वापराच्या भांड्यांसाठी फार मऊ पडते. जुन्या मापात हेच प्रमाण बारा औंसांच्या पौंडात अकरा औंस दोन पेनीवेट चांदी असे सांगितले जाई. एका पौंडात २४० पेनीवेट आणि त्यांपैकी २२२ चांदी, म्हणजे हिशेब बरोबर ९२.५ टक्क्यांवर येतो.

या नियमाला एक महत्त्वाचा अपवाद आहे. १६९७ ते १७२० या काळात नवीन भांड्यांसाठी याहून शुद्ध, म्हणजे सुमारे ९५.८ टक्के चांदी सक्तीची करण्यात आली होती, कारण चांदीची नाणी वितळवून त्यांची भांडी बनवली जात होती आणि नाण्यांचा कस व भांड्यांचा कस एकच असल्याने ते फार सोपे झाले होते. त्या काळातील वस्तूंवर चालत्या सिंहाऐवजी बसलेल्या ब्रिटानियाची, म्हणजे ब्रिटनचे प्रतीक मानलेल्या स्त्रीची, आकृती आणि मानेपासून तोडल्यासारखे दिसणारे सिंहाचे डोके असते. १७२० नंतर स्टर्लिंग परत आले, पण ज्याला हवे त्याला अधिक शुद्ध चांदी वापरण्याची मुभा राहिली. म्हणून केवळ ब्रिटानिया दिसली की वस्तू १७२० पूर्वीची असे ठरवता येत नाही.

सिंह नसेल आणि ब्रिटानियाही नसेल, तर तेथेच थांबून वस्तू चांदीची आहे का हाच प्रश्न विचारावा. सर्वांत जास्त फसवणारी अक्षरे म्हणजे ई, पी, एन आणि एस ही चार. त्यांचा अर्थ निकेल सिल्व्हर नावाच्या, चांदी अजिबात नसलेल्या मिश्रधातूवर विजेच्या साहाय्याने दिलेला चांदीचा मुलामा. मुलाम्याचे कारखानदार ही चार अक्षरे चार वेगवेगळ्या चौकटींत, कधी गॉथिक वळणाने, अशा काही थाटात मारत, की दुरून पाहिले तर अस्सल शिक्क्यांची ओळच वाटावी. या पद्धतीच्या मुलाम्याचे पेटंट एल्किंग्टन यांनी १८४० मध्ये घेतले, त्यामुळे अशी वस्तू त्यापूर्वीची असू शकत नाही. दुसरी खूण आकड्यांची आहे. एखादी वस्तू अठराव्या शतकातील इंग्लिश म्हणून दाखवली जात असेल आणि तिच्यावर ९२५ हा आकडा असेल, तर ते दोन्ही एकाच वेळी खरे असू शकत नाही. इंग्लंडमध्ये शुद्धतेचा आकडा ही अगदी अलीकडच्या काळातील गोष्ट आहे.

दुसरा प्रश्न: शहर कोणते?

धातूची तपासणी होऊन शिक्का बसत असे ती कचेरी कोणत्या शहरात होती हे कळल्याशिवाय वर्षाच्या अक्षराला काहीच अर्थ नाही. लंडनची खूण म्हणजे समोरून दिसणारे बिबळ्याचे मुख. १३०० सालच्या कायद्यात ती शुद्धतेची खूण म्हणून आली होती, पुढे ती लंडनची खूण बनली. बर्मिंगहॅमची खूण नांगर आहे, म्हणजे जहाजाचा. तो पुष्कळदा आडवा मारलेला असतो आणि अननुभवी नजरेला बाणासारखा दिसतो. शेफील्डची खूण मुकुट होती आणि ती १९७० च्या दशकात गुलाबाने बदलली. या दोन्ही शहरांना तपासणी कचेरी १७७३ मध्ये मिळाली, त्यामुळे नांगर किंवा शेफील्डचा मुकुट असलेली वस्तू त्यापूर्वीची नसते. चेस्टर, एक्झेटर, न्यूकॅसल यांच्या कचेऱ्या पुढे बंद झाल्या, पण त्यांच्या खुणांची चांदी अजूनही मिळते. एडिनबर्ग, ग्लासगो आणि डब्लिन यांच्या पद्धती स्वतंत्र आहेत आणि त्यांना स्वतंत्र तक्ता लागतो.

शहर चुकले तर काय होते ते एका अक्षरावरून पाहू. इंग्रजी लहान लिपीतील साधे पी हे अक्षर विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या वस्तूवर आहे असे समजू. लंडनला त्याचा अर्थ १९१० होतो, शेफील्डला १९०७ आणि बर्मिंगहॅमला १९१४. फरक काही वर्षांचाच आहे, पण मागच्या शतकात गेलो की तो वाढतो, कारण शेफील्डने सुरुवातीची पन्नास वर्षे अक्षरे वर्णक्रमाने वापरलीच नाहीत. तेथे पहिल्याच वर्षाला, १७७३ ला, ई हे अक्षर मिळाले होते.

कधी कधी शहराची खूणच नसते. लंडनच्या चहाच्या चमच्यांसारख्या लहान वस्तूंवर जागा कमी म्हणून बिबळ्याचे मुख अनेकदा मारले जात नसे. इंग्लिश वस्तूवर चालता सिंह आणि अक्षर आहे, पण शहराची खूण कोठेच नाही, तर ती बहुधा लंडनची समजावी. येथे ‘बहुधा’ हा शब्द मी जाणूनबुजून वापरला आहे, कारण आधी ती खूण झिजून गेलेली नाही याची खात्री करून घ्यावी लागते.

तिसरा आणि चौथा प्रश्न: मुकुट आणि राजाचे डोके

आता लंडनपुरते बोलू. लंडनच्या बिबळ्याच्या डोक्यावर १८२१ पर्यंत मुकुट होता. त्या वर्षी तो काढण्यात आला आणि नंतरचा बिबळ्या उघड्या डोक्याचा आहे. म्हणून पहिली गोष्ट म्हणजे दोन कानांच्या मध्ये मुकुटाची टोके दिसतात का हे पाहणे. झिजलेल्या ठशात मुकुट ओळखू येत नसेल, तर चौकटीच्या आत बिबळ्याच्या डोक्याच्या वर किती जागा आहे हे पाहावे. मुकुटासाठी ठेवलेली जागा झीज झाली तरी पूर्णपणे नाहीशी होत नाही. तेही जमले नाही, तर चालत्या सिंहाकडे वळावे. लंडनचा सिंह १८२१ पर्यंत चालता चालता आपल्याकडे तोंड वळवून पाहत असे, आणि त्यानंतर तो सरळ समोर, म्हणजे चालण्याच्या दिशेने पाहू लागला. एकाच वर्षी झालेले हे दोन बदल एकमेकांचा पुरावा ठरतात. ज्या चहाच्या चमच्यावर बिबळ्या मुळात नाही, तेथे सिंहाच्या तोंडावरच सारी मदार असते. सिंहाच्या तोंडाची ही कसोटी इतर शहरांना मात्र लावू नये, कारण तेथे तोंड वळवलेला सिंह पुढेही बराच काळ चालू राहिला.

दुसरी गोष्ट म्हणजे राजाचे किंवा राणीचे डोके. १७८४ च्या डिसेंबरपासून चांदीच्या वस्तूंवर कर बसला आणि कर भरल्याची खूण म्हणून त्या वेळच्या राजाच्या डोक्याचा ठसा मारला जाऊ लागला. हा कर १८९० मध्ये रद्द झाला आणि ठसाही गेला. म्हणजे डोके असेल तर वस्तू बहुधा १७८४ ते १८९० या काळातील आहे. डोक्याची दिशाही उपयोगी पडते. तिसरा जॉर्ज, चौथा जॉर्ज आणि चौथा विल्यम यांची डोकी उजवीकडे पाहतात, तर व्हिक्टोरिया राणी डावीकडे पाहते. अपवाद फक्त अगदी सुरुवातीचा आहे: १७८४ ते १७८६ या दोनेक वर्षांत तिसऱ्या जॉर्जचे डोके डावीकडे पाहत असे आणि ते उठावाने न येता आत खोदल्यासारखे खोलगट उमटत असे. हा ठसा एकदा पाहिला, की पुन्हा व्हिक्टोरियाशी गल्लत होत नाही.

आता अक्षर

लंडनचे वर्षाक्षर १४७८ मध्ये सुरू झाले. ते ग्राहकाला वस्तूचे वय कळावे म्हणून नव्हते. त्या वर्षी धातूची तपासणी कोणाच्या जबाबदारीखाली झाली हे ओळखता यावे आणि हलका माल शिक्क्यासह बाहेर पडला तर त्याला जाब विचारता यावा, एवढाच त्याचा हेतू होता. आज आपण त्याच्यावरून वय काढतो ही नंतरची कमाई आहे. यातून एक व्यावहारिक गोष्ट निघते. अक्षर जानेवारीत बदलत नसे. १६६० पासून लंडनला ते २९ मे रोजी बदलत असे. म्हणून तक्त्यात १७९० लिहिलेले असले, तरी त्याचा खरा अर्थ मे १७९० ते मे १७९१ असा असतो. सर्व कचेऱ्यांचे अक्षर १ जानेवारीला एकदम बदलण्याची पद्धत १९७५ मध्ये आली.

लंडनने प्रत्येक फेरीत वीसच अक्षरे वापरली: ए पासून यू पर्यंत, पण जे वगळून. वीस अक्षरे म्हणजे वीस वर्षे, आणि त्यामुळे एक सोय झाली आहे. १७१६ पासूनच्या फेऱ्यांत एखादे अक्षर नेहमी वीस वर्षांच्या अंतरानेच परत येते. ए, बी, सी, डी, ई, एफ, जी, एच, आय, के, एल, एम, एन, ओ, पी अशी मोजणी केली, तर पी पंधरावे येते. म्हणजे फेरीच्या पहिल्या वर्षात चौदा मिळवले की पी चे वर्ष मिळते. तक्ता जवळ नसला तरी फेऱ्यांची पहिली वर्षे लक्षात ठेवून हे बोटांवर मोजता येते.

फेऱ्या ओळखू याव्यात म्हणून अक्षराचे वळण बदलले जाई: कधी मोठी साधी अक्षरे, कधी मोठी गॉथिक, कधी लहान गॉथिक. परंतु वळणे मोजकी असल्याने तीही परत येत राहिली. लहान लिपीतील साधी अक्षरे १७३६, १७७६, १८१६ आणि १८९६ मध्ये सुरू झालेल्या फेऱ्यांत आहेत. प्रत्येकात चौदा मिळवले, तर लहान साध्या पी ची चार वर्षे निघतात: १७५०, १७९०, १८३० आणि १९१०. १९५६ मध्ये सुरू झालेल्या फेरीतही हेच वळण आहे आणि त्यातला पी १९७० चा आहे. चौकटीच्या आकारात फरक असतो, पण झिजलेल्या ठशात चौकटच आधी जाते, म्हणून फक्त तिच्यावर विसंबू नये.

येथेच आधीचे दोन प्रश्न कामाला येतात. मुकुट आहे पण राजाचे डोके नाही, तर वर्ष १७५०. मुकुटही आहे आणि डोकेही आहे, तर १७९०. मुकुट नाही पण डोके आहे, तर १८३०. दोन्ही नाहीत, तर १९१०, किंवा वस्तू नवीन वाटत असेल तर १९७०. त्या दोघांत निवड करण्यासाठी तक्त्यातील चौकट आणि पुढे सांगितलेली कारागिराची खूण उपयोगी पडते. अक्षर एकच, पण दोन ‘हो-नाही’ प्रश्नांनी एकशे साठ वर्षांचा घोळ सुटतो. माझ्या त्या जपलेल्या चमच्यावर राजाचे डोके नव्हते. मी ते नसल्याची दखलच घेतली नाही, कारण जे दिसत होते तेवढेच मी वाचत होतो. शिक्के वाचताना काय नाही याचीही नोंद कागदावर करावी.

एक चमचा पूर्ण वाचू

समजा, आपल्यासमोर जेवणाच्या टेबलावरचा एक मोठा चमचा आहे. ठसे दांड्याच्या वरच्या टोकाजवळ एका ओळीत आहेत. ही जागासुद्धा काही सांगते: सुमारे १७८० पर्यंत चमच्यांवरचे ठसे दांड्याच्या खालच्या भागात, वाटीच्या जवळ मारले जात आणि तेथे दांडा अरुंद असल्याने ते दाबले जाऊन वेडेवाकडे होत, त्यानंतर ते वरच्या टोकाकडे गेले. म्हणजे १७५० ची शक्यता भिंग उचलण्याआधीच मागे पडली. भिंगाखाली चालता सिंह दिसतो आणि तो आपल्याकडे तोंड वळवून पाहतो आहे. बिबळ्याचे तोंड बरेच झिजले आहे, पण कानांच्या वर काही टोके दिसतात, आणि सिंहाने आधीच साक्ष दिलेली असल्यामुळे तो मुकुट आहे असे मानायला हरकत नाही. राजाचे डोके लंबगोल चौकटीत उठावाने आलेले आहे आणि उजवीकडे पाहते आहे. अक्षर लहान साधे पी आहे. मुकुट आहे, डोके आहे, म्हणून वर्ष १७९०, म्हणजेच मे १७९० ते मे १७९१.

शेवटचा ठसा कारागिराचा. त्यात दोन ओळी आहेत, वर पी.बी. आणि खाली दुसरे अक्षर बी, पण खालच्या ओळीतले पहिले अक्षर झिजले आहे. ते आय आहे की ए, हे ठरत नाही. येथे लंडनच्या बेटमन घराण्याची नोंद मदतीला येते. हेस्टर बेटमन या विधवा कारागीर बाईंनी आपली वळणदार एच.बी. ही खूण गोल्डस्मिथ्स हॉलमध्ये, म्हणजे लंडनच्या तपासणी कचेरीत, १७६१ मध्ये नोंदवली होती. १७९० मध्ये त्या कामातून निवृत्त झाल्या आणि डिसेंबर १७९० मध्ये त्यांची मुले पीटर आणि जोनाथन यांनी पी.बी. खाली आय.बी. अशी खूण नोंदवली. जोनाथनच्या जे ऐवजी आय लिहिले गेले, कारण त्या काळच्या खुणांत जे साठी आय वापरण्याची रीत होती. काही महिन्यांतच, १७९१ मध्ये, जोनाथन वारले आणि त्यांच्या पत्नी अ‍ॅन यांनी पीटरसह मे १७९१ च्या सुरुवातीला पी.बी. खाली ए.बी. ही नवी खूण नोंदवली. ती पुढे बरीच वर्षे चालली.

आता झिजलेल्या अक्षराकडे परत जाऊ. पी हे वर्षाक्षर मे १७९१ च्या अखेरीपर्यंत चालू होते. खालची ओळ ए.बी. असेल, तर हा चमचा मे १७९१ मधील काही आठवड्यांतच तपासला गेला असला पाहिजे. ते अशक्य नाही, पण आय.बी. असेल तर डिसेंबरपासूनचे कित्येक महिने मोकळे मिळतात. म्हणून आय ची शक्यता जास्त आहे, आणि भिंग पुन्हा तिरप्या प्रकाशात धरून खालच्या बाजूला दोन पाय पसरलेले दिसतात का एवढेच पाहायचे उरते. दोन पाय दिसले नाहीत तर चमचा पीटर आणि जोनाथन यांच्या खुणेचा, आणि ती खूण फारच थोडा काळ चालल्याने त्याचे मोलही त्या मानाने वाढते. हा सगळा उलगडा वर्षाक्षर आणि कारागिराची खूण एकमेकांना धरून वाचल्यामुळे झाला. त्यातली एकच वाचली असती तर झाला नसता. याच खुणेबरोबर ओ हे आधीच्या वर्षाचे अक्षर असते, तर कोठेतरी वाचनात चूक आहे किंवा चमच्यातच काही गडबड आहे असे समजावे लागले असते.

आद्याक्षरे सारखी असणारे कारागीर पुष्कळ होते. म्हणून अक्षरांसोबत चौकटीचा आकार, अक्षरांमधील ठिपका, वळण सरळ की तिरके या गोष्टी पाहाव्या लागतात. १७३९ च्या कायद्याने कारागिरांना आपल्या नावाची व आडनावाची आद्याक्षरे असलेली नवी खूण घ्यायला लावली होती. ब्रिटानिया काळात आडनावाची पहिली दोन अक्षरे वापरली जात. मोठी भांडी करणाऱ्यांच्या खुणांची १७५८ ते १७७३ या काळातील नोंदवही हरवलेली आहे, त्यामुळे त्या वर्षांतील काही खुणांचे मालक सांगणारी पुस्तकेसुद्धा तर्कावर चालतात. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: ही खूण ज्याने वस्तू तपासणीला पाठवली त्याची आहे. हातोडा प्रत्यक्ष त्याच्याच हातात होता असे नाही. मोठ्या कारखान्यात तो बहुधा दुसऱ्याच कोणाच्या हातात असे.

शिक्के खरे, वस्तू खोटी

शिक्का खरा असूनही वस्तू फसवी असू शकते, आणि हे नवख्यांना सर्वांत उशिरा पटते. १७२० पासून १७५८ पर्यंत चांदीच्या वस्तूंवर प्रत्येक औंसामागे सहा पेन्स कर होता. तो चुकवण्यासाठी काही कारागीर एखादी लहान, हलकी वस्तू रीतसर तपासून घेत, तिच्यावरचे शिक्के असलेला तुकडा कापून काढत आणि मोठ्या जड भांड्याच्या तळाला डाख देऊन बसवत. चांदी बहुधा चांगलीच असे. लबाडी कराची होती. पुढे हीच युक्ती नवीन भांडे जुने दाखवण्यासाठी वापरली गेली. ती ओळखण्यासाठी शिक्क्यांच्या आसपास तोंडाची वाफ सोडावी. डाखातील मिश्रण भांड्याच्या चांदीपेक्षा वेगळे असल्याने वाफ विरताना तुकड्याच्या कडेची रेघ क्षणभर स्पष्ट दिसते. बशीच्या किंवा भांड्याच्या तळावर शिक्क्यांभोवती नीट चौकोन किंवा गोल दिसला, तर ते शिक्के दुसऱ्या कोठून तरी आलेले आहेत.

दुसरा प्रकार ओतकामाचा आहे. अस्सल चमच्यावरून साचा घेऊन नवीन चमचे ओतले, की शिक्केही साच्यातून उतरतात. पण पंचाने मारलेल्या ठशाच्या कडा तीक्ष्ण असतात, तर ओतलेल्या ठशाच्या कडा मऊ पडतात आणि तळात बारीक दाणे किंवा टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे दिसतात. सहा चमच्यांचा संच हाती आला तर सहाही एका ओळीत मांडून पाहावेत. हाताने मारलेले ठसे प्रत्येक चमच्यावर थोडे पुढेमागे, थोडे तिरपे पडतात. सहांवर ठशांमधील अंतर अगदी सारखे असेल आणि एकाच जागी एकच ओरखडा असेल, तर ते सहा चमचे एकाच चमच्याची पिल्ले आहेत.

शिक्का ज्या तुकड्यावर आहे त्या तुकड्याबद्दलच बोलतो. चहाच्या किटलीचे झाकण सुटे असेल तर त्यावरही काही शिक्के असायला हवेत, आणि ते बुडाच्या शिक्क्यांशी जुळायला हवेत. झाकणावर काहीच नसेल तर ते नंतर बसवलेले असू शकते. मेणबत्तीच्या उंच स्टँडांबाबत आणखी एक गोष्ट आहे: ते अनेकदा आतून पोकळ असतात आणि वजनासाठी डांबरासारखा पदार्थ भरलेला असतो. त्यावरचा सिंह पातळ पत्र्याच्या शुद्धतेची हमी देतो, वजनकाट्यावरच्या आकड्याची नाही. सुऱ्यांच्या मुठींचेही तसेच असते.

आपल्या १७९० च्या चमच्यावरही ही शेवटची तपासणी करावी लागेल. त्याची वाटी साधी, अंडाकृती आणि गुळगुळीत असेल तर ठीक. पण वाटीत द्राक्षे, पाने आणि फळे उठावाने कोरलेली असतील, त्यांवर सोनेरी मुलामा असेल, तर ते नक्षीकाम व्हिक्टोरिया राणीच्या काळातले किंवा त्यानंतरचे आहे. त्या काळी जुने साधे चमचे फळे वाढण्याचे चमचे म्हणून खपावेत यासाठी असे सजवले जात. शिक्के तेव्हाही १७९० चेच राहतील आणि चांदीही ९२५ चीच राहील, परंतु चमच्याचे वर्णन लिहिताना दोन तारखा लिहाव्या लागतील. दांड्याच्या दर्शनी बाजूवरही एकदा बोट फिरवावे. जुन्या मालकाची कोरलेली आद्याक्षरे घासून काढलेली असतील, तर तेवढ्या जागी पत्रा पातळ लागतो आणि तिरप्या प्रकाशात तेथे एक उथळ खळगा दिसतो.